दोन दशांश सेकंदांत थांबलेला चिलर

पुण्यातली एखादी व्यावसायिक इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर एमआरआय सेंटर, वर कार्यालयं, गच्चीवर चिलर. पावसाळ्यातल्या एका रात्री दिवे क्षणभर मंदावतात आणि लगेच पूर्ववत होतात. जनरेटर सुरू होत नाही, संगणकही चालूच राहतात. सकाळी मात्र कळतं की एमआरआयचा चिलर रात्रीच बंद पडलाय. त्यामुळे हीलियम कॉम्प्रेसर थांबलाय आणि चुंबकातला दाब चढू लागलाय. दोष वीज कंपनीला दिला जातो. पण घटना उलगडून पाहिली, तर खरा धागा इमारतीच्या पॅनेलमध्येच सापडतो.

त्याच सबस्टेशनवरच्या शेजारच्या ११ केव्ही फीडरवर झाडाची फांदी पडलेली असते. ब्रेकरने तो फीडर तोडेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. तेवढ्या वेळात बिघाड झालेल्या फेजचा व्होल्टेज सबस्टेशनवरच कोसळतो आणि धड असलेल्या फीडरनाही त्याचा फटका बसतो. तो शून्यावर आला, तर इमारतीच्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरपलीकडे चित्र बदलतं. दोन फेज सुमारे ५८ टक्क्यांवर येतात आणि तिसरा जवळपास पूर्ण राहतो. या तात्पुरत्या घसरणीला अभियंते ‘सॅग’ म्हणतात.

२३० व्होल्टचे ५८ टक्के म्हणजे १३३ व्होल्ट. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या संगणकाच्या पॉवर सप्लायला एवढं पुरतं. चिलरची मोटर जोडून ठेवणारा कॉन्टॅक्टर मात्र कॉइलच्या जोरावर बसलेला असतो. व्होल्टेज साधारण निम्म्याच्या आसपास आला की बरेच कॉन्टॅक्टर सुटतात, काही त्याआधीच. म्हणजे लाखो-कोटींच्या यंत्राचं भवितव्य काही हजारांच्या भागावर ठरतं. ही कॉइल पूर्ण राहिलेल्या फेजवर असली, तर चिलर टिकला असता. एकाच सॅगमध्ये एक पंप थांबतो आणि शेजारचा चालू राहतो, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दुसरा संशयित म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर. तीन फेजमध्ये असमतोल दिसला की मोटर तोडणं हे त्याचं काम. ५८, ५८, १०० हा असमतोलच आहे. त्यामुळे विलंब न लावलेला प्रिव्हेंटर चिलर बंद करतो, आणि पुढे हाताने रीसेट करावं लागत असेल तर सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून सगळ्या इमारतीला यूपीएस लावण्याआधी कंट्रोल सर्किट तपासावं. बहुतेक वेळा कॉइल आणि कंट्रोलरला छोटा यूपीएस दिला, प्रिव्हेंटरला सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब ठेवला आणि वीज स्थिरावल्यावर चिलर आपोआप सुरू होईल अशी मांडणी केली, की भागतं. पण कॉन्टॅक्टर फार वेळ धरून ठेवणंही बरं नाही. मोटर मंदावलेली असते आणि व्होल्टेज परत आल्यावर ती प्रचंड करंट खेचते. यंत्राची सहनशक्ती सांगताना ‘किती टक्के’ आणि ‘किती वेळ’ या दोन्ही गोष्टी लागतात. अर्धचालक कारखान्यांच्या यंत्रांसाठीचं ‘सेमी एफ४७’ मानक ५० टक्के व्होल्टेजवर ०.२ सेकंद टिकण्याची अट घालतं. नवं यंत्र घेताना हाच प्रश्न विक्रेत्याला विचारता येतो.

सॅग बाहेरचा की आतला, हे मुख्य पॅनेलवरच्या पॉवर क्वालिटी अ‍ॅनलायझरच्या नोंदीत दिसतं. व्होल्टेज पडताना करंट एकदम अनेक पट उसळला, तर आपलीच एखादी मोटर सुरू झाली असावी. करंट थोडाच वाढला, तर मात्र घाई करू नये. संगणकांसारखी उपकरणं व्होल्टेज कमी झाला की थोडा जास्त करंट घेतातच.

दिव्यांचं वारंवार लुकलुकणं, म्हणजे फ्लिकर, हा वेगळा आजार. त्याचं मूळ बरेचदा इमारतीतच असतं. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची शॉर्ट सर्किट क्षमता सुमारे २०,००० केव्हीए. लिफ्ट सुरू होताना १०० केव्हीए जास्त मागितले, तर घसरण जेमतेम अर्धा टक्का. तीच लिफ्ट जनरेटरवर चालली आणि त्याची क्षमता २,५०० केव्हीएच असली, तर घसरण ४ टक्के होते. मिनिटाला एकदा होणारा बदल साधारण २.७ टक्क्यांपुढे गेला, तरी तो त्रासदायक ठरण्याच्या उंबरठ्यावर असतो. म्हणून फ्लिकर मोजायचं तर लिफ्टच्या गर्दीच्या वेळी, आणि जनरेटर चालू असतानाही मोजावं. फ्लिकरमीटर दर १० मिनिटांना एक आकडा देतो आणि १ ही त्रासाची सीमा मानतात. हा आकडा ६० वॉटच्या तंतूच्या बल्बवरून ठरवलेला आहे. एलईडी दिवा त्याच चढउतारात शांत राहू शकतो किंवा जास्त लुकलुकू शकतो. त्यामुळे मीटर ०.८ दाखवत असताना एखाद्या मजल्यावरून तक्रार आली, तर आधी तिथले दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर तपासावेत.