क्रीडा अकादमीचे बालसंरक्षण धोरण

18 वर्षांखालील खेळाडू जिथे शिकतात, त्या अकादमीचे बालसंरक्षण धोरण एका प्रश्नापासून सुरू होते: मूल आणि प्रौढ व्यक्ती कुणाच्याही नजरेआड एकटे कधी असतात? इंग्लंडमध्ये 2016 साली अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने आपल्यावर लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे सांगितले. अत्याचार करणारा बॅरी बेनेल हा नावाजलेला प्रशिक्षक होता. पालकांनी विश्वासाने पाठवलेली मुले त्याच्या घरी मुक्कामाला राहत. नेमणुकीपूर्वी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावीच, पण तिच्यात आधी नोंद झालेले गुन्हेच दिसतात. म्हणून नियम माणसाकडे पाहून नव्हे, तर प्रसंगाकडे पाहून करावे लागतात आणि ते मुख्य प्रशिक्षकापासून शिपायापर्यंत सर्वांना सारखेच लागू असतात.

कपडे बदलण्याच्या खोलीत धोका दोन बाजूंनी असतो. मोठ्या माणसाचा वावर हा एक आणि मोठ्या मुलांकडून लहानांची होणारी छळवणूक हा दुसरा. त्यामुळे प्रौढांना आत मज्जाव केला, एवढ्याने काम भागत नाही. प्रौढ खेळाडू आणि मुले यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. प्रशिक्षकाने मुलांसमोर कपडे बदलू नयेत किंवा त्यांच्यासोबत अंघोळ करू नये. मुले आत असताना एका जबाबदार व्यक्तीने आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर दाराबाहेर थांबावे. आत जाण्याची वेळ आलीच, तर दार वाजवून, हाक मारून दोघांनी मिळून जावे. मुलींच्या खोलीत स्त्रियांनीच. मोबाइल बाहेरच ठेवावेत, कारण गंमत म्हणून काढलेला एक फोटो परत घेता येत नाही. दुखापतीवरचे उपचार उघड्या जागेत, दुसऱ्या प्रौढाच्या उपस्थितीत आणि मुलाला विचारूनच करावेत.

प्रवासात अकादमीचे नेहमीचे वातावरण मागे राहते, म्हणून निघण्यापूर्वीच गोष्टी कागदावर हव्यात. पालकांची लेखी संमती, गाडीची वेळ, मुक्कामाचा पत्ता आणि सोबतच्या माणसांचे फोन नंबर घरी पोहोचलेले असावेत. संघासोबत किमान दोन प्रौढ असावेत आणि मुली असतील तर त्यांतली एक तरी स्त्री असावी. प्रौढाने मुलांच्या खोलीत झोपू नये, वयात फार अंतर असलेली मुलेही एका खोलीत ठेवू नयेत. सामन्याची चर्चा प्रशिक्षकाच्या खोलीत न करता लॉबीत करावी.

नियम मोडतो तो बहुधा साध्या अडचणीत. समजा, रात्री साडेआठला सराव संपला, पाऊस लागला आहे आणि एका मुलाला न्यायला कुणी आलेले नाही. प्रशिक्षक म्हणतो, ‘चल, बाइकवर सोडतो.’ हेतू चांगलाच असेल, पण या प्रसंगाचे उत्तर धोरणात आधीच लिहिलेले हवे. पालकांना फोन करावा. ते येईपर्यंत दोन प्रौढांनी मुलासोबत फाटकाशी, उजेडात थांबावे. सोडायला जाणे अटळच असेल, तर पालकांची परवानगी घेऊन दुसऱ्या प्रौढासह गाडीने जावे आणि निघण्याची-पोहोचण्याची वेळ वहीत नोंदवावी.

मोबाइलवरचे संदेश हेही एकांताचेच ठिकाण आहे. जवळीक बहुधा कौतुकाने सुरू होते, मग खासगी गप्पा येतात आणि शेवटी ‘घरी सांगू नकोस’ येते. म्हणून सरावाच्या सूचना पालक आणि दुसरा प्रशिक्षक असलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच द्याव्यात. खासगी चॅट, आपोआप पुसले जाणारे संदेश आणि रात्री उशिराचे फोन यांना मनाई असावी. मुलानेच खासगी संदेश पाठवला, तर उत्तर ग्रुपवर द्यावे. मात्र तो संदेश मदतीची हाक असेल, तर लगेच प्रतिसाद द्यावा, संदेश जपून ठेवावा आणि त्याच दिवशी बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवावे.

तक्रार आल्यावर काय करायचे, हा धोरणाचा शेवटचा भाग. मुलाचे शांतपणे ऐकावे, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, उलटतपासणी करू नये आणि त्याचेच शब्द लिहून ठेवावेत. लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणून ते लांबवता येत नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. बालसंरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइन क्रमांक मुलांना सहज दिसेल असा लावावा. तक्रार प्रशिक्षकाविरुद्ध असेल, तर ती त्याच्या हातून जाणार नाही असा वेगळा मार्गही तिथेच लिहिलेला असावा.