संवत्सरीच्या दुपारचा एक नकार

संवत्सरीच्या दुपारी चार वाजता आमच्या मोठ्या वहिनींचा दूरध्वनी आला. घरात आठ जणांची अठाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पारणे आणि त्याबरोबरच एकशेवीस नातेवाइकांचे भोजन ठरले होते. नेमके त्याच वेळी ठरलेल्या आचाऱ्याने येण्यास असमर्थता कळवली. "सगळा स्वयंपाक तू सांभाळशील ना?" असे त्यांनी माझ्या पत्नीला विचारले.

पत्नीने "बघते" असे म्हटले नाही. "भाभी, पाच मिनिटांत सांगते," असे म्हणून तिने कागद घेतला.

त्या दिवशी घरात सर्वांचा उपवास, चूल बंद, आणि सायंकाळी प्रतिक्रमण. रात्री स्वयंपाक करणे शक्य नव्हते आणि शिजवलेले अन्न रात्रभर ठेवणे आपल्या आचारात बसत नाही. नाशिकला त्या दिवसांत सूर्योदय सुमारे सहा वीसला होतो. त्यानंतरच चूल पेटणार. म्हणजे नऊपर्यंत हाती उरतात दोन तास चाळीस मिनिटे. माणशी चार पुऱ्या धरल्या तरी चारशे ऐंशी पुऱ्या आणि साडेसहा किलो कणीक. दोघींनी लाटून एका कढईत मिनिटाला तीन पुऱ्या तळल्या, तर तेवढाच सारा वेळ पुऱ्यांतच संपतो. डाळ, गट्ट्याची भाजी, भात यांना ना वेळ, ना शेगडी.

तिने परत दूरध्वनी केला. "भाभी, एकशेवीस जणांचा स्वयंपाक माझ्याकडून होणार नाही. पण आठही तपस्वींचे मुगाचे पाणी आणि राब मी करून साडेआठला तुमच्याकडे आणते. त्यांची काळजी तुम्ही सोडा."

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. पण नकार लगेच आणि स्पष्ट मिळाल्यामुळे त्यांच्या हाती सायंकाळपर्यंतचा वेळ राहिला. दोन-तीन ठिकाणी चौकशी केल्यावर दुसरे महाराज सापडले. ते सकाळी दहानंतरच मोकळे होते, म्हणून नातेवाइकांचे भोजन साडेबाराला ठेवले आणि नऊ वाजता केवळ पारणे.

पत्नीने सूर्योदयानंतर पाव किलो मुगाची डाळ दोन लिटर पाण्यात मऊ शिजवली, घोटून गाळली व बेताचे मीठ घातले. कणीक थोड्या तुपात भाजून, गूळ-पाणी व चिमूटभर सुंठ घालून पातळ राब केली. आठ दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटाला तळलेल्या पुऱ्या बाधतात. तपस्वींचे पातेले वेगळे असावेच लागते, आणि मोठ्या स्वयंपाकाच्या घाईत नेमके तेच मागे पडते.

साडेआठला डबे पोहोचले. वहिनींनी हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले, पत्नीनेही म्हटले. काल दिलेल्या नकाराचा उल्लेख कोणी केला नाही, तोंडात शब्द एवढाच आला, "राब गरम आहे, आधी तपस्वींना द्या."