दोन निकाह, आठ हिस्से

साताऱ्यात राहते घर, सांगलीत भाड्याने दिलेले दोन गाळे आणि बँकेत ७ लाखांची ठेव. पहिली बीबी मरहूम. तिच्यापासून एक मुलगा आणि दोन मुली, तिघेही मोठे आणि आपापल्या संसारात. दुसरी बीबी हयात, तिच्यापासून १२ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. ही दुसरी बीबी निकाहाच्या वेळी विधवा होती. तिच्या पहिल्या घरची मुलगी याच घरात लहानाची मोठी झाली. घरधन्याचे वय ६४, आईवडील हयात नाहीत. तो वकिलाकडे येऊन म्हणतो, "माझ्या मागे भांडण नको. काय तो कागद करून द्या."

हा अशील कागदावरचा आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना दस्तलेखनाचे प्रात्यक्षिक असते, त्यात असे प्रश्न देऊन मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र लिहून घेतात. आमची एक जुनी विद्यार्थिनी आता सांगलीत कायदा शिकते. प्रश्नासोबत तिच्या सरांनी नावे झाकलेल्या दोन उर्दू निकाहनाम्यांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्या वाचून घ्यायला आणि मराठी मसुदा तपासून घ्यायला ती आमच्याकडे आली. आम्ही भाषेचे शिक्षक, वकील नव्हे. पण या कागदांत भाषेची चूक आणि कायद्याची चूक एकच होऊन बसते, हे त्या दोन-तीन बैठकांत पुरते कळले.

आधी हिशेब. काहीच कागद केला नाही तर काय होईल? सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत. औलाद असताना बीबीला आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से मुलामुलींत, मुलाला दोन आणि मुलीला एक. येथे मुलगे दोन आणि मुली तीन, म्हणजे चार आणि तीन मिळून बरोबर सात. प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक, बीबीचा एक. पहिल्या निकाहाची औलाद आणि दुसऱ्या निकाहाची औलाद यांत बापाच्या मालमत्तेपुरता तसूभरही फरक नाही. घरात वाढलेली सावत्र मुलगी मात्र या आठांत कुठेच नाही, कारण ती त्याची वारस नाही.

अशिलाची इच्छा अशी, की घर दुसऱ्या बीबीला मिळावे, कारण लहान मुले तिच्या पदरात आहेत; आणि सावत्र मुलीलाही काहीतरी मिळावे. विद्यार्थिनीने पहिल्या मसुद्यात दोन्ही गोष्टी एकाच मृत्युपत्रात लिहिल्या होत्या. हिंदू शेजाऱ्याच्या मृत्युपत्राचा नमुना समोर ठेवला की असेच होते. सुन्नी हनफी कायद्यात वसीयतीला दोन कुंपणे आहेत. दफनविधीचा खर्च आणि कर्ज फिटल्यावर जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत करता येत नाही. आणि जो वारस आहे त्याच्या नावे वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. ही संमती मयतानंतर द्यायची असते. बाप हयात असताना मोठ्या मुलांच्या सह्या घेऊन ठेवल्या तरी त्या त्यांना बांधत नाहीत. अल्पवयीन मुलांची संमती तर धरताच येत नाही. म्हणजे बीबीच्या नावे घराची वसीयत लिहिली, तर तिचे नशीब त्याच्या मयतानंतर सावत्र मुलांच्या मर्जीवर.

म्हणून घरासाठी हिबा, म्हणजे बक्षीसपत्र. हयातीत माणूस आपली मालमत्ता कोणालाही देऊ शकतो, वारसालाही, आणि एक तृतीयांशाची अट येथे नाही. त्याला तीनच गोष्टी लागतात: देणाऱ्याने "दिले" म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. हा हिबा मात्र अंगात बळ असताना करायचा. मरणाची धास्ती असलेल्या शेवटच्या आजारात केलेल्या हिब्याला वसीयतीचीच दोन्ही कुंपणे लागतात.

येथेच मराठी आडवी आली. मसुद्यातले वाक्य होते, "सदर मिळकत मी बक्षीस देत असून माझे पश्चात ती सदर इसमाचे मालकीची होईल." वाक्य ऐकायला भारदस्त. पण "माझे पश्चात" या दोन शब्दांनी बक्षीसपत्राचे मृत्युपत्र झाले, आणि ते वारसाच्या नावे असल्याने वरच्या कुंपणात अडकले. आम्ही ते असे बदलले: "सदर मिळकत मी आज रोजी तुम्हांस बक्षीस दिली असून तिची मालकी व ताबा आज रोजी तुम्हांस दिला आहे, तुम्ही तो स्वीकारला आहे." सगळी क्रियापदे पूर्ण झालेली हवीत.

नवरा-बीबी एकाच घरात राहतात, मग ताबा दिला कसा? त्याने घर सोडून जाण्याची गरज नसते. पण दिल्याची खूण दिसली पाहिजे. मूळ कागद तिच्या हाती द्यायचे, घरपट्टी तिच्या नावावर करायची, नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर तिचे नाव चढवायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात म्हटले, की मुस्लिमाचा हिबा लेखी असला तरी त्याची नोंदणी सक्तीची नाही. त्यावर विसंबून नोटरीकडून कागद करून घेणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ही काटकसर खोटी वाटते. महाराष्ट्रात राहते घर बीबीला किंवा औलादीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. साताऱ्याच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्त नाव चढवतानाही कामी येतो आणि कोर्टातही. गाळ्यांना मात्र ही २०० रुपयांची सवलत नाही, ती राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे.

आपल्या भागात आणखी एक पद्धत आहे. वडील मुलांना बसवून स्टँपपेपरवर "वाटणी" करून देतात, नोंदी होतात आणि सारे निर्धास्त. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या मन्सूर साहेब विरुद्ध सलिमा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी हयातीतली वाटणी मान्य केली नाही. कारण सरळ आहे. मुस्लिम कायद्यात बाप जिवंत असताना मुलांचा हक्क जन्मलेलाच नसतो, मग वाटायचे काय? त्या वाटणीला नंतर हिबा म्हणायचे तर देण्याचा स्पष्ट शब्द आणि बाकीच्या दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. बक्षीसपत्रात "वाटणी" किंवा "हिश्श्यापोटी" हे शब्द चुकूनही नकोत.

आता निकाहनाम्यांकडे. पहिल्या निकाहनाम्यात मेहर ४०,००० रुपये, पुढे एक शब्द. विद्यार्थिनीने तो देवनागरीत "मुअज्जल" असा उतरवला होता. दुसऱ्या निकाहनाम्यातही "मुअज्जल". उर्दूत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐन घालून लिहिलेला मुअज्जल म्हणजे तत्काळ द्यायचा मेहर. हमजा घालून लिहिलेला म्हणजे पुढे द्यायचा. देवनागरीत दोघांचे रूप एकच होते आणि अर्थ उलटा. येथे पहिला हमजाचा होता, दुसरा ऐनचा आणि तो निकाहातच अदा झाल्याची नोंद होती. म्हणून मराठी दस्तात हा शब्द नुसता ठेवूच नये; "तत्काळ देय" किंवा "पुढे देय" असे उघड लिहावे.

म्हणजे पहिल्या बीबीचा मेहर राहिला होता, आणि मेहर हे कर्ज आहे. ती वारल्यावर ते तिच्या वारसांचे झाले: चौथा हिस्सा नवऱ्याचा, बाकी ३०,००० तिच्या तीन मुलांचे. त्यात मुलाला १५,००० आणि मुलींना साडेसात-साडेसात हजार. दुसऱ्या निकाहाच्या मुलांचा यात संबंध नाही. मयतानंतर तीन वर्षांत दावा झाला नाही तर कोर्टात मुदत संपते, पण देणे मनातून आणि घरातून संपत नाही. पुढच्या भांडणात "आमच्या अम्मीचा मेहरसुद्धा दिला नाही" हे वाक्य पहिले येते. आम्ही सुचवले, की अशिलाने ही रक्कम आजच चेकने देऊन तिघांच्या पावत्या घ्याव्यात. सरांना ते पटले. दुसऱ्या बीबीच्या बक्षीसपत्रात मात्र "मेहरच्या बदल्यात" असे लिहू नये. मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही, विक्रीसारखा व्यवहार होतो आणि शुल्कही तसेच लागते.

मग मृत्युपत्रात उरले काय? दोन कामे, आणि दोन्ही मोलाची. पहिले सावत्र मुलीचे. ती वारस नाही, म्हणूनच तिला वसीयत चालते. समजा गाळे प्रत्येकी १५ लाखांचे, आणि मेहर दिल्यावर ठेव व्याजाने पुन्हा ७ लाखांवर आली. एकूण ३७ लाख. दवाखाना आणि दफनविधीत १ लाख गेला, उरले ३६. वसीयतीची मर्यादा १२ लाख. अशील तिला ४ लाख देतो. राहिलेल्या ३२ लाखांचे आठ हिस्से म्हणजे ४ लाखांचा एक. बीबीला ४, प्रत्येक मुलीला ४, मुलग्यांना ८-८. सावत्र मुलीला सख्ख्या मुलीइतकेच मिळाले. हा आकडा विद्यार्थिनीने शोधला होता आणि त्याचा तिला फार आनंद झाला होता.

दुसरे काम अल्पवयीन मुलांचे. आई मुलांना सांभाळते, पण त्यांच्या मालमत्तेची ती आपोआप कायदेशीर पालक नसते. बाप गेला की तो मान बापाने नेमलेल्या वसीला, म्हणजे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला असतो. बाप आईला वसी नेमू शकतो. हे एक वाक्य मृत्युपत्रात नसेल, तर मुलांच्या फीसाठी गाळ्यातला त्यांचा हिस्सा विकायची वेळ आल्यावर तिला जिल्हा न्यायालयात जावे लागते. मुस्लिमाच्या वसीयतीला ठरावीक नमुना लागत नाही, तोंडीही चालते. तरी ती लिहावी, ज्यांना काही मिळणार नाही अशा दोघांच्या साक्षी घ्याव्यात आणि नोंदवावी. मुद्रांक लागत नाही.

हे सगळे जुळल्यावरही एक गोष्ट आम्हाला टोचत राहिली. घर २४ लाखांचे धरा. बीबीला दिलेला हिबा ताबा दिल्यावर परत घेता येत नाही. उद्या ती गेली तर घर तिच्या वारसांचे होईल, म्हणजे तिच्या तीन मुलांचे. नवरा तेव्हा हयात असेल तर चौथा हिस्सा त्याचा. पहिल्या बीबीची मुले आपल्या सावत्र अम्मीची वारस नाहीत. हिबा झाला नसता तर घरात मोठ्या मुलाचे ६ लाख आणि दोघी मुलींचे ३-३ लाख होते, ते कायमचे गेले. कायदा याला हरकत घेत नाही. पण औलादीला देताना बरोबरी राखण्याबद्दल हजरत नुमान बिन बशीर यांची हदीस आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते, आणि बीबीला दिलेले शेवटी कोणत्या औलादीकडे जाते हे मोठी मुले ओळखून असतात.

विद्यार्थिनीने यावर अशिलाला विचारायचा प्रश्न वहीत लिहिला: घर दुमजली असेल आणि वरच्या मजल्याला वेगळा जिना असेल, तर फक्त खालचा मजला बक्षीस द्यायचा का? मजला वेगळा मोजून, चतुःसीमा लिहून दिला तर वाटणीयोग्य मिळकतीतला अविभक्त हिस्सा दिल्याचा दोषही राहत नाही. लहानांना छप्पर मिळते आणि वरचा मजला आठ हिश्श्यांत राहतो. सरांनी शेजारी लाल शाईने लिहिले, "दस्तापूर्वी मोठ्या तिघांना बोलावून सांगितले का, हेही अशिलाला विचारा."