चौदा सेंटांचा गंधार

गाण्याच्या क्लासमध्ये मी एकदा शहाणपणा केला. मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप उतरवलं, तंबोरा काळी एकला लावला आणि फोन समोर ठेवून सा लावला. काटा बरोबर शून्यावर. पंचम लावला, तर +2. ठीक, एवढं चालायचंच. मग गंधार लावला आणि काटा डावीकडे जाऊन -14 वर बसला. मी घसा खाकरून सूर थोडा चढवला. काटा मधे आला, आणि त्याच क्षणी बाई म्हणाल्या, "चढलास. आधीचा बरोबर होता. ते यंत्र ठेव बाजूला, तंबोऱ्यात ऐक."

बाई बरोबर होत्या, आणि गंमत म्हणजे यंत्रही खोटं बोलत नव्हतं. हे कोडं सोडवायला ते १४ कशाचे आहेत, हे आधी बघायला हवं.

हिशेबाला सोपा म्हणून पुस्तकांतला नेहमीचा सा घेऊ, सेकंदाला २४० कंपनांचा. त्याचा पंचम ३६०चा, म्हणजे मधलं अंतर १२० कंपनांचं. आता एक सप्तक वर जाऊ. तार षड्ज ४८०, त्याचा पंचम ७२०, अंतर २४०. कंपनांचं अंतर दुप्पट झालं, पण कानाला मात्र सा-पची उडी दोन्हीकडे तीच वाटते. याचा अर्थ कान वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. ३६० भागिले २४० दीड, ७२० भागिले ४८० तेही दीड. दीडपट झालं की कान म्हणतो, पंचम.

इथे अडचण अशी होते की अंतरं एकापुढे एक ठेवली की आपण त्यांची बेरीज करतो, कान मात्र गुणाकार करत असतो. सा ते प दीडपट आणि प ते तार सा चार तृतीयांशपट, दोहोंचा गुणाकार दोन. गुणाकाराची बेरीज करून देणारं एक साधन आपण सगळ्यांनी कॉलेजात हाताळलंय: ते लॉग टेबलाचं पिवळट पुस्तक. तेच इथे लावायचं:

सेंट = 1200 × log2(f2 ÷ f1)

एका सप्तकाचे १२०० भाग, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० भाग, आणि एक भाग म्हणजे एक सेंट. आता सा ते प ७०२ सेंट, प ते तार सा ४९८ सेंट, बेरीज १२००. जिना मोजावा तसं मोजता येतं.

ही युक्ती अलेक्झांडर एलिस या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाची. १८८५ साली त्याने जगातल्या निरनिराळ्या लोकांच्या स्वरसप्तकांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्याने सेंटच्या मापाने हिंदुस्थान, जावा, चीन, जपान अशा ठिकठिकाणच्या वाद्यांतली अंतरं मांडली. या गृहस्थाला स्वतःला सुराचा कान फारसा नव्हता. ऐकायचं काम पियानोच्या धंद्यातले त्याचे मित्र हिपकिन्स करायचे आणि आकडेमोड एलिस करायचा. त्यातून निष्कर्ष निघाला तो त्या काळाच्या मानाने धीट होता: निसर्गाने ठरवून दिलेलं एकच एक सप्तक असं काही नाही.

आता माझा गंधार. तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांची. पण तार छेडली की ती एकटी वाजत नाही. तिच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूरही निघतात. पाचपट म्हणजे ६००. हाच तो तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार. एक सप्तक खाली आणला की ३००. आता ३०० भागिले २४० म्हणजे १.२५. कॅल्क्युलेटरवर १.२५ चा लॉग ०.०९६९१ आणि २ चा ०.३०१०३. पहिल्याला दुसऱ्याने भागून १२०० ने गुणलं की येतात ३८६ सेंट.

पेटीवर सा पासून गंधार चार पट्ट्या दूर, म्हणजे ४०० सेंट. कंपनांत सुमारे ३०२.४. फरक १४ सेंटांचा! अ‍ॅप पेटीच्या मापाने मोजत होतं आणि बाई तंबोऱ्याच्या.

हा फरक कागदावरचा नाही, तो चक्क ऐकू येतो. तंबोरा चालू ठेवून पेटीचा गंधार दाबून धरा. पेटीच्या सुराचा दुप्पट सूर ६०५च्या जवळ आणि खर्जाचा पाचपट ६००. हे दोन इतके जवळ आले की आवाज स्थिर राहत नाही, सेकंदाला पाचएक वेळा लहरतो. गळ्यातून ३०० नेमका लागला की ती लहर मंदावत जाऊन थांबते. बाईंना -14 दिसायची गरजच नव्हती. त्या लहर थांबल्याचं ऐकत होत्या. एक खोच मात्र आहे: खालच्या सप्तकात हेच १४ सेंट निम्म्या वेगाने लहरतात. सेंट अंतर सांगतात, कानाला किती खुपेल ते सांगत नाहीत.

मग पेटीवाले ती पट्टी उतरवून का देत नाहीत? हाताने उतरवता येते. पितळी जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. काळी एकच्या सा साठी गंधार म्हणजे पांढरी चार. ती १४ सेंट उतरवली आणि उद्या पांढरी चारमध्ये गाणारा आला, तर त्याचा सा खाली गेला, पण पंचम, म्हणजे पांढरी एक, जागेवरच राहिला. ७०२ च्या जागी आता ७१४. गंधार सुधारायला गेलो आणि दुसऱ्याचा पंचम बिघडला, आणि पंचमातला बारा सेंटांचा चढ कुणाच्याही कानाला टोचतो.

सेंटमुळे आणखी एक जुनं गूढ बेरजेत उतरतं. सा पासून एकामागून एक चार पंचम चढत जा: ७०२ चोक २८०८. त्यातून दोन सप्तकं, २४०० वजा केली की गंधारच सापडतो, पण ४०८चा. तंबोऱ्याचा ३८६चा. दोन गंधार, दोन्ही शुद्ध गुणोत्तरांतून आलेले, आणि मधे २२ सेंटांची फट. हिलाच आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात. (पेटी बिचारी दोघांच्या मधे ४००वर उभी.) सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने अशाच गुणोत्तरांवरून बावीस श्रुती मांडल्या आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं.

त्या बावीस जागा गवयी खरंच नेमक्या पकडतात का, हा वाद मात्र मिटलेला नाही. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी कलावंतांचं वादन-गायन यंत्राने मोजलं, तेव्हा सूर आकड्यांच्या खुंट्यांना टांगलेले सापडले नाहीत, ते हलते निघाले. मला ते पटतं. मींडेत किंवा आंदोलनात असलेल्या सुराला "किती सेंट" विचारणं म्हणजे झोपाळ्यावरच्या मुलाची उंची जमिनीपासून मोजण्यासारखं आहे. आकडा येईल, पण कुठल्या क्षणाचा?

आमच्या क्लासला साथीला येणारे पेटीवाले काका गंधारावर बोट फार वेळ ठेवत नाहीत, हे माझ्या आत्ता आत्ता लक्षात आलं. गाणाऱ्याचा गंधार लागला की ते पट्टी हलकेच सोडतात, रे किंवा मवर सरकतात आणि गंधार तंबोऱ्यावर सोपवून देतात. सेंट हा शब्द त्यांनी ऐकला असेल असं वाटत नाही.