एकच खरेदी, दोनदा वजावट

कार्डाने पैसे देताना मशीन अडकतं. दुकानदार म्हणतो, "झालं नाही, परत करू या." आपण पुन्हा पिन दाबतो आणि मोबाइलवर पैसे कापल्याचे एकामागोमाग दोन संदेश येतात. पैसे परत कधी मिळणार, हे प्रत्येकाला लगेच हवं असतं. पण त्याचं उत्तर एका साध्या गोष्टीवर ठरतं. पहिल्या वेळी मशीनमधून 'मंजूर' अशी पावती बाहेर आली होती का?

समजा, शनिवारी ७ तारखेला संध्याकाळी कापडाच्या दुकानात ६,४८० रुपयांचं बिल झालं. पहिल्यांदा कार्ड घातलं, पिन दिला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी पडद्यावर चूक दाखवून थांबलं. पावती आली नाही. दुसऱ्यांदा व्यवहार झाला, पावती आली. खात्यातून मात्र १२,९६० रुपये गेले.

यात घडतं असं. मशीनची विनंती तुमच्या बँकेपर्यंत पोहोचते, बँक रक्कम वजा करून होकार पाठवते, पण तो होकार परतीच्या वाटेवर हरवतो. मशीन वाट पाहून थकतं आणि व्यवहार फसला असं धरतं. दुकानाच्या खात्यात ते पैसे कधी जातच नाहीत. म्हणून दुकानदार "मला एकदाच मिळाले" म्हणतो तेव्हा तो बहुधा खरं बोलत असतो, आणि गल्ल्यावर त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. पैसे तुमच्या बँकेकडेच अडकलेले असतात.

याच प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढलं. खात्यातून रक्कम गेली पण दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या धरून. म्हणजे ७ तारखेचे पैसे १२ तारखेपर्यंत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. पैसे २० तारखेला आले, तर ६,४८० बरोबर आणखी ८०० रुपये तुमचे. ही भरपाई जमा झालेली नसेल तर या परिपत्रकाचा हवाला देऊन ती लेखी मागावी. रक्कम लहान म्हणून लोक सोडून देतात. माझ्या मते सोडू नये, कारण बँकेवर वेळेचा धाक राहतो तो याच दंडामुळे.

आता दुसरी शक्यता. मशीनमध्ये कागद अडकला होता, किंवा गर्दीत पहिली पावती कोणी पाहिलीच नाही, आणि दोन्ही व्यवहार मंजूर झाले. इथे मशीनच्या दृष्टीने काहीच फसलेलं नाही. दिवसाच्या शेवटी दुकानाचं मशीन 'बॅच सेटल' करतं तेव्हा दोन्ही रकमा दुकानाच्या बँकेकडे जातात आणि मग दुकानाच्या खात्यात पडतात. असे पैसे आपोआप परत येत नाहीत. लोकांचं खरं नुकसान इथे होतं. ग्राहक सेवा केंद्रातून "पाच-सात दिवस थांबा" हे ठरलेलं उत्तर मिळतं, माणूस थांबतो, मग विसरतो.

त्यामुळे दुकानातून बाहेर पडण्याआधीच मशीनवरची दिवसभराची यादी काढायला सांगा. त्यात ६,४८० दोनदा दिसले, तर बॅच सेटल होण्याआधी दुकानदार त्यातला एक व्यवहार 'व्हॉइड' करू शकतो, आणि तो सगळ्यात सरळ मार्ग. दिवस उलटला असेल तर त्याने रिफंड करावा लागतो, आणि तो त्याच कार्डावर यायला हवा. रिफंड केल्याची पावती मागून घ्या. नुसत्या "केलंय, येतील" या शब्दावर आठवडे काढू नका.

दुकानदार टाळू लागला, तर कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडे चार्जबॅकसाठी लेखी अर्ज करायचा. चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने कार्डाच्या नेटवर्कमार्फत दुकानाच्या बँकेकडून ती रक्कम परत मागणं. अर्जात तक्रारीचा प्रकार 'एकाच खरेदीचे दोनदा पैसे' असाच निवडा. घाईत 'हा व्यवहार मी केलाच नाही' यावर खूण केली, तर ते प्रकरण फसवणुकीचं ठरतं, कार्ड बंद होतं, आणि दोन्ही वेळा पिन तुम्हीच दिल्याचं दिसल्यावर अर्ज फेटाळला जातो.

दोनदा आकारणीच्या दाव्यासाठी व्हिसाच्या नियमांत १२० दिवस आणि मास्टरकार्डच्या नियमांत ९० दिवसांची मुदत आहे. पण ही मुदत बँकेने दावा पुढे पाठवण्याची आहे, आणि बँक तुमच्याकडून अर्ज त्याच्या बराच आधी मागते. पहिल्या आठवड्यातच अर्ज दिलेला बरा. पुढे दुकानाच्या बाजूला उत्तर द्यायला साधारण महिना-दीड महिना मिळतो, आणि त्यांनी हरकत घेतली तर प्रकरण आणखी लांबतं. मधल्या काळात काही बँका तात्पुरती रक्कम जमा करतात. ती निकाल लागेपर्यंत आपली समजू नये, कारण दुकान जिंकलं तर ती परत काढून घेतली जाते.

दुकान जिंकतं ते कशावर? दोन वेगळी बिलं दाखवून. म्हणून तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे दुकानाचं एकमेव बिल, क्रमांक आणि तारखेसह. त्याच्या जोडीला कार्डाच्या पावत्या. पावतीवर मशीनचा टीआयडी क्रमांक, वेळ, मंजुरीचा कोड आणि बारा अंकी आरआरएन असतो. टीआयडी एकच, रक्कम एकच, वेळेत दोन-तीन मिनिटांचं अंतर, आरआरएन मात्र दोन वेगळे, असं दिसलं की दोन व्यवहार झाले हे सिद्ध होतं. आणि खरेदी एकच होती हे बिल सांगतं. या पावत्यांचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडून जातात, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. दोन्ही संदेश, खात्याचा उतारा आणि दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणंही जपा. कार्ड अडकल्यावर तुम्ही रोख किंवा यूपीआयने पैसे दिले असतील, तर त्याची पोच हवी. तीच नसल्यामुळे असे दावे अडतात.

क्रेडिट कार्ड असेल तर वाद चालू आहे म्हणून बिल तसंच ठेवू नका. वादातली रक्कम बाजूला ठेवल्याचं बँकेने लेखी कळवलं असेल, तर उरलेलं भरा. नसेल तर पूर्ण भरा, नाहीतर व्याज चढेल. बिलाबद्दल हरकत घेतल्यावर बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा, आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा, द्यायचा असतो. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे बँकेचा तक्रार क्रमांक आणि तारीख लागते, म्हणून फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल पाठवून क्रमांक मागून घ्यावा.

चार्जबॅक चालू असताना दुकानदाराने रोख परत दिले किंवा रिफंड केला, तर बँकेला लगेच कळवून दावा मागे घ्या. तसं केलं नाही तर त्याच्या खात्यातून तेच ६,४८० रुपये दुसऱ्यांदा जातील.