चिकटलेला कूलर ओढू नये, फिरवावा

आमच्या दुकानातील संगणक २०१९ च्या अखेरीस घेतलेला. बिले, उधारीची खाती, बाहेरगावच्या मालाचे ई-वे बिल, सारे त्यावरच. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर तो दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडू लागला. झाकण काढून पाहिले तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत सुताचे तंतू आणि धूळ यांची अक्षरशः गादी तयार झाली होती. कापडाचे तागे जेथे दिवसभर उलगडले जातात तेथे दुसरे काय होणार! आम्ही ठरविले की कूलर काढावा, साफ करावा, नवी पेस्ट लावावी. चार स्क्रू सोडले, कूलर दोन्ही हातांनी धरला आणि वर ओढला. हलेना. म्हणून जोर लावला. खट्ट आवाज झाला आणि कूलर हातात आला; पण त्याच्या तळाला प्रोसेसरही चिकटून आला होता, आणि एका कोपऱ्यावरच्या पिना वाकल्या होत्या.

असे का व्हावे, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे, कारण या धाटणीचे संगणक अनेक दुकानांत अजून चालू आहेत. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये जी पेस्ट असते ती बहुधा सिलिकॉनच्या तेलात धातूच्या ऑक्साइडची बारीक पूड कालवलेली असते. नवी असताना ती लोण्यासारखी मऊ असते. वर्षानुवर्षे उष्णता लागून तेल बाहेर झिरपते, आटते, आणि पूड मागे राहून खिडकीच्या जुन्या लांबीसारखी घट्ट होते. त्यात दोन्ही पृष्ठभाग सपाट व गुळगुळीत, मध्ये हवा शिरायला वाव नाही. त्यामुळे सरळ वर ओढले तर पकड सुटत नाही.

दुसरी गोष्ट खाचेची. आमच्या संगणकात एएमडीचा रायझन ३ ३२००जी हा प्रोसेसर आहे. तो एएम४ जातीच्या सॉकेटमध्ये बसतो. या जातीत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एकूण १३३१. बाजूचा खटका खाली केला की सॉकेट त्या पिना बाजूने दाबून धरते. वरून प्रोसेसर धरून ठेवणारे काही नसते. म्हणून पेस्टची पकड पिनांच्या पकडीपेक्षा मोठी झाली की खटका बंद असतानाही प्रोसेसर उपसून येतो. इंटेलच्या अलीकडच्या वर्षांतील टेबलावरच्या संगणकांत, तसेच एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम५ मध्ये, पिना बोर्डाकडे असतात आणि प्रोसेसरवर लोखंडी चौकट दाबलेली असते. तेथे ही भीती नाही. मात्र तेथेही हिसका देऊ नये, कारण बोर्ड वाकतो.

आता बरोबर रीत. आमचा भाचा संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने ऐकले तेव्हा पहिला प्रश्न केला, “मामू, मशीन गरम असताना काढला की थंड?” आम्ही सकाळी दुकान उघडताच हात घातला होता, म्हणजे थंड. चूक तेथेच झाली. संगणक चालू होत असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटे त्याला भरपूर कामाला लावावे. मग नेहमीप्रमाणे बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि पेटी आडवी निजवावी. पेटीच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावावा. पॉलिएस्टरचा तागा उलगडताना बोटाला जो चटका बसतो तोच चिपला मारक असतो. पंख्याची वायर काढावी. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे सैल करावेत आणि ते पूर्ण सुटून स्प्रिंगने वर आले आहेत हे पाहावे. बोर्डाच्या मागची पट्टीही आता मोकळी होते, तिला मागून हात द्यावा.

यानंतर ओढायचे नाही. कूलर दोन्ही हातांनी धरून किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवायचा, बरणीचे घट्ट झाकण जसे आपण जागच्या जागी हलवतो तसा. सुरुवातीला केसभरच सरकेल. अर्धा-एक मिनिट चिकाटीने करावे. पेस्ट सुटली की हाताला कळते: अडकलेपणा जाऊन कूलर तेलावर फिरल्यासारखा मोकळा फिरतो. तेव्हाच उचलावा, आणि तोही एका बाजूने नव्हे, सरळ.

संगणक चालूच होत नसेल, किंवा फिरवूनही हलत नसेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा बाजूने पात्यांवर तीन-चार मिनिटे द्यावी, आणि पुन्हा फिरवावे. हवा प्लास्टिकच्या पंख्यावर धरू नये. मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटण्याचा मोह आवरावा. टोक घसरले की बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेघा तुटतात, आणि मग बोर्डच गेला.

आमच्यासारखे ज्यांच्या हातून प्रोसेसर उपसून आलाच, त्यांनी कूलर लगेच उलटा करावा, पिना वर राहतील असा, आणि टेबलावर ठेवावा. पुन्हा गरम हवा द्यावी. मग नायलॉनचा मजबूत दोरा, सुती नव्हे, कारण सुती तुटतो, प्रोसेसरच्या झाकणाच्या आणि कूलरच्या मधल्या फटीत एका कोपऱ्यावरून घालून करवतीसारखा मागेपुढे ओढावा. आमच्याकडे दोऱ्याला काय तोटा! तिसऱ्या खेपेला फट पडली. शेवटी प्रोसेसरच्या कडा धरून बाजूला सरकवला, पिनांना बोट न लावता.

आमच्या प्रोसेसरच्या सात पिना वाकल्या होत्या. भाच्याने मुलांच्या लेखणीतली, ०.५ मिलिमीटरची शिसे घालायची यांत्रिक पेन्सिल घेतली, शिसे काढून टाकले, आणि तिचे पोकळ टोक पिनेवर बसवून एकेक पिन हळूच उभी केली. एकदाच, एका दिशेने. पुढेमागे दोनदा वाकवली की पिन तुटते, आणि तुटलेली पिन जोडणे दुकानातल्या माणसाचे काम नव्हे. मग उजेडासमोर धरून ओळी दोन्ही दिशांनी पाहिल्या. मागावरच्या फणीत एक घर वाकडे असले तर आपल्याला जसे चटकन दिसते तसेच येथेही दिसते. तासभर गेला.

बसवताना सॉकेटचा खटका आधी उभा करावा. उपसताना तो बंदच राहिलेला असतो, हे पुष्कळजण विसरतात. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणला की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बसला नाही तर एखादी पिन अजून वाकडी आहे. दाबू नये, पुन्हा उजेडात पाहावे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. फडक्याबद्दल मात्र आम्हीच सांगू शकतो: ठाणातले कोरे कापड नको, त्यात खळ असते आणि तंतू सुटतात. मायक्रोफायबरचा तुकडा घ्यावा. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवावी, आणि चारही स्क्रू पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

चालू करून थेट बायोसच्या पडद्यावर उष्णता पाहावी. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, आणि आमचा बंद पडायचा तो तेथे पोचूनच. नव्या पेस्टनंतर दहा मिनिटे ४४ वर राहिला. दोन-तीन मिनिटांतच आकडा ७०-८० कडे धावू लागला असता तर त्याचा अर्थ कूलर तिरका बसला आहे असा झाला असता, आणि सारे स्क्रू पुन्हा सोडावे लागले असते. आता दर महिन्याला पात्यांतले तंतू मऊ ब्रशने काढतो. पेस्ट दोन वर्षांनी बदलायची, ती तारीख पेटीच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवली आहे.