इक्वलायझरच्या उजव्या टोकाची दाटी

स्टुडिओतल्या जुन्या ॲनालॉग इक्वलायझरमध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर आवाजाला वळण देत. आता तेच काम संगणकावरचा प्रोग्राम करतो. पण जुन्या सर्किटवरून बेतलेल्या प्रोग्राममध्ये 10,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज उचलला, तर पुष्कळदा तो उठाव मूळ यंत्रासारखा ऐसपैस पसरत नाही. उजवीकडून कुणीतरी दाबल्यासारखा अरुंद येतो. प्रोग्राम चुकलेला नसतो. सर्किटचं गणित संगणकात आणताना वापरलेल्या ‘बायलिनियर ट्रान्सफॉर्म’ या रूपांतराचा तो परिणाम असतो.

सर्किटचं काम मुळात साठवणीचं असतं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार क्षणोक्षणी जमा होत राहतो. संगणकाला मात्र आवाज सलग मिळत नाही, सीडीच्या दर्जाला सेकंदाला 44,100 नमुने मिळतात. मग दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात किती जमा झालं हे कसं ठरवायचं? दोन्ही नमुन्यांची सरासरी काढायची आणि मधल्या वेळेने गुणायचं. शाळेत समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढतात तसंच. सर्किटमधल्या प्रत्येक साठवणीच्या जागी हा हिशेब बसवला की झाला बायलिनियर ट्रान्सफॉर्म. ब्रिटिश अभियंते अर्नोल्ड टस्टिन यांनी 1947 मध्ये याच धर्तीची पद्धत मांडली, म्हणून नियंत्रण अभियांत्रिकीत तिला टस्टिन पद्धत म्हणतात.

सगळी गंमत त्या सरासरीत आहे. 44,100 नमुन्यांत मावणारी सर्वांत वरची वारंवारिता 22,050 हर्ट्झ. तिथे नमुने एक वर, एक खाली असे आलटून पालटून येतात, आणि शेजारच्या दोघांची सरासरी शून्य होते. म्हणजे काहीच जमा होत नाही. खऱ्या कपॅसिटरमध्ये ही स्थिती फक्त अनंत वारंवारितेला येते. थोडक्यात, डिजिटल पट्टीच्या शेवटच्या टोकावर अनंत येऊन बसतं, आणि शून्यापासून अनंतापर्यंतची ॲनालॉग पट्टी 22,050 हर्ट्झच्या आत कोंबली जाते. खालच्या भागात हे जाणवतही नाही. जसजसं वर जावं तसतशी दाटी वाढते.

एक ॲनालॉग फिल्टर घेऊन तो जसाच्या तसा रूपांतरित केला, तर त्याचा 1,000 हर्ट्झचा बिंदू 998 वर येतो. एवढा फरक कुणाच्या कानाला कळणार? पण 10,000 चा बिंदू 8,689 वर घसरतो आणि 15,000 चा थेट 11,490 वर. आवाज किती उचलला जातो हे मात्र तसूभरही बदलत नाही. आलेखाची उंची तीच राहते, फक्त आडवा अक्ष आवळला जातो. शिवाय कुठलीही वारंवारिता दुसरीवर येऊन आदळत नाही आणि मूळचा स्थिर फिल्टर स्थिरच राहतो. एवढ्या दोन गुणांसाठी ही दाटी सोसायला अभियंते तयार होतात, आणि मला तो सौदा रास्त वाटतो.

घसरण्यावर उपाय सोपा आहे. रूपांतरात वारंवारिता खाली येणार हे आधीच ठाऊक असल्याने ॲनालॉग आराखडाच वर सरकवून काढायचा:

`f_a = (fs/π) · tan(π · f_d/fs)`

इथे `f_d` म्हणजे हवी असलेली वारंवारिता, `f_a` आराखड्यात धरायची, आणि `fs` सेकंदाला किती नमुने ते. 10,000 हवे असतील तर आराखडा 12,124 चा. याला प्रीवार्पिंग म्हणतात. सायपायमधलं `butter` हे स्वतःहून करतं, `bilinear` करत नाही. तेव्हा फिल्टरचा कोपरा ठरवल्यापेक्षा खाली आणि तोही वरच्या वारंवारितांनाच जास्त घसरलेला दिसला, तर आधी प्रीवार्पिंग राहिलंय का ते तपासावं.

पण प्रीवार्पिंगने एकच बिंदू जागेवर बसतो. 10,000 भोवतीचा एका सप्तकाचा उठाव घेऊ. ॲनालॉग यंत्रात त्याच्या कडा 7,071 आणि 14,142 वर असतात. मध्य अचूक बसवूनही डिजिटलमध्ये त्या 7,696 आणि 12,420 वर येतात. डावी कड सहाशेएक हर्ट्झ आत सरकली, उजवी सतराशेच्या वर. भरीला, अनंताला उठाव शून्य असतो म्हणून 22,050 वरही तो शून्य होतो. ध्वनितंत्रज्ञ याला क्रॅम्पिंग म्हणतात.

नमुने दुप्पट, म्हणजे 88,200 केले, तर त्याच कडा 7,222 आणि 13,598 वर जातात, अर्थात संगणकाला दुप्पट काम पडतं. सोफोक्लिस ऑर्फानिडिस यांनी 1997 मध्ये दुसरी वाट काढली: नमुने तेवढेच ठेवून शेवटच्या टोकाला ॲनालॉग यंत्राइतका उठाव राहील असाच फिल्टर रचायचा. प्रत्येक फिल्टरला एवढा खटाटोप लागत नाही. ठरावीक वारंवारितेवरचं सगळं छाटणाऱ्या बटरवर्थसारख्या लो-पास फिल्टरला ही दाटी उलट मानवते. त्याचा सपाट भाग आवळला तरी सपाटच राहतो आणि पुढचा उतार आणखी कडक होतो. बेसेल फिल्टरचं मात्र नुकसान होतं. सगळ्या वारंवारितांना जवळपास सारखाच उशीर लावणं हीच त्याची खासियत, आणि वाकलेल्या अक्षावर नेमकी तीच टिकत नाही.